लोखंडासारखं पोट

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एका ट्रकड्रायव्हरचं डोकं त्याच्याच ट्रकच्या दारावर आपटत होता. भर दुपारी, शाळा सुटायच्या वेळी. ड्रायव्हरने ट्रक मागे घेताना एका म्हातारीची हातगाडी चेपली होती आणि वर तिलाच शिव्या दिल्या होत्या. आपटणं मोजूनमापून चाललं होतं, जणू कुणी गालिचा झटकतंय. मुलांना पलीकडे न्यायला मी जवळ गेले, तसा तो थांबला. ड्रायव्हरची मान हातातच ठेवून अगदी अदबीने म्हणाला, "बाई, पोरांना जरा लांबून न्या. आरसा फुटलाय, काचा लागतील." आणि पुन्हा कामाला लागला.

त्याला सगळे गेंडा म्हणत. तोंडावर दादा. सकाळी तो गोदामात पोती उचलायचा आणि संध्याकाळी एका बंद पडलेल्या गॅरेजात बॉक्सिंग शिकवायचा. आत वाळू आणि चिंध्या भरलेल्या तीन बॅगा साखळीला टांगलेल्या होत्या. एका कोपऱ्यात दोर बांधून केलेली रिंग. बाकी घामाचा, रबराचा आणि दुखऱ्या सांध्यांना चोळायच्या तेलाचा वास. तो कुणाच्या मागे लागत नसे, तरी तीस-चाळीस पोरंपोरी शिकायला यायची. मारायचा तो सगळ्यांना सारखंच. हात खाली पडला की कानाखाली, पाय चुकला की नडगीवर. स्वतःच्या मुलीला दोन जास्त.

त्या मुलीला सगळे बुटकी म्हणत. ती माझ्या हाताखाली शिकली. गणितात बेताची, पण खोटं बोलायला मात्र कधी जमलं नाही तिला. गृहपाठ केला नसला की "बाई, केला नाही" असं सरळ सांगायची आणि छडीसाठी हात पुढे करायची. मी तिला कधी छडी मारली नाही. घरी तिला पुरेसं मिळत होतं.

मी निवृत्त झाल्यावर गेंडा माझ्या दारात आला. "बाई, आमच्या लढतींना वेळ बघायला कुणीतरी लागतं. तुमच्या घड्याळावर कुणी संशय घेणार नाही. माझ्या माणसाने घंटा मारली की समोरचे बोंब मारतात." शाळेतल्या क्रीडादिनाचं स्टॉपवॉच माझ्याकडे होतंच. मी हो म्हटलं. अशी मी वयाच्या साठाव्या वर्षी लाकडी हातोडी घेऊन रिंगच्या कडेला बसायला लागले. दुसऱ्यांच्या पोरांची नाकं फुटताना बघायची सवय मला कधी झाली नाही, पण माझी घंटा कधी एक सेकंद चुकली नाही.

गेंड्याची एक रीत होती. लढतीच्या आठवड्यात तो प्रत्येकाला फरशीवर उताणं निजवायचा आणि चामड्याचा जड चेंडू छातीएवढ्या उंचीवरून पोटावर सोडायचा. पोट आवळून धरायचं. चेंडू उडाला तर पास, रुतला तर शिव्या. मग मुठीने ठोकून बघायचा. "लोखंड पाहिजे, लोखंड! कणिक घेऊन कोण आलंय इथं?" आणि एक नियम होता, जो तो दर महिन्याला ओरडून सांगायचा: लढतीआधी पोटात दुखतंय म्हणणाऱ्याने परत यायचं नाही. पाय मोडला, दात पडला, चालेल. पोट दुखणं म्हणजे फाटणं. त्या गॅरेजात पोटदुखी हे भीतीचंच दुसरं नाव होतं.

त्या वर्षी बुटकी वीस वर्षांची होती आणि रविवारी तिची नदीपलीकडच्या हॉलमधल्या मुलीशी लढत होती. त्या हॉलचा कोच म्हणजे गेंड्याचा जुना वैरी. जिंकली तर बुटकी राज्याच्या निवडीला जाणार होती.

शुक्रवारी दुपारी तिच्या पोटात दुखायला लागलं. बेंबीच्या भोवती. तळवा गोल फिरवत ती आईला म्हणाली, "नेमकं कुठं ते कळत नाही गं. सगळीकडेच कसंतरी होतंय." जेवण नको म्हणाली. एक उलटी झाली. आता हे सगळं दुसऱ्या कुठल्या घरात घडलं असतं तर कुणी विचारलं असतं, काय झालं. पण त्या घरात प्रत्येक गोष्टीला आधीच उत्तर तयार होतं. जेवत नाही, कारण वजन उतरवायचंय. उलटी झाली, कारण लढतीआधी सगळ्यांनाच होते. वजन अर्धा किलो जास्त होतं म्हणून गेंड्याने संध्याकाळी तिला जुलाबाची गोळीही दिली.

शनिवारी सकाळी दुखणं हललं. ते बेंबीपासून उतरून उजवीकडे खाली जाऊन बसलं. आता ती तळवा फिरवत नव्हती. एका बोटाने दाखवत होती: कमरेचं हाड आणि बेंबी यांच्या मध्ये, इथं. दोरीवरच्या उड्या मारायला लागली आणि चौथ्या उडीला थांबली.

"बाबा, पाय टेकला की इथं सुरी खुपसल्यासारखं होतं."

"बुधवारी सरावात त्या डावखुऱ्याचा ठोसा कुठं बसला होता?"

"वर. फासळीखाली."

"मग तोच उतरलाय. उडी मार."

"बाबा—"

गेंड्याने दोरीचीच मूठ तिच्या पाठीत हाणली. तिने अजून सहा उड्या मारल्या. सातवीला ती वाकली आणि गुडघे पोटाशी घेऊन फरशीवर पडली. तो तिच्या शेजारी उकिडवा बसला. मारायला नव्हे. कपाळाला हात लावून म्हणाला, "अंग तापलंय. म्हणजे मांसपेशी गरम झाल्यात. चांगलं आहे." एक दुखण्यावरची गोळी दिली आणि गरम पाण्याची पिशवी.

दुपारी ती माझ्याकडे आली. उजव्या बाजूला किंचित वाकून चालत होती, हात पोटावर. माझ्या पायरीवर बसली.

"बाई, पोटात दुखतंय."

चौतीस वर्षं मी हे वाक्य ऐकलं होतं. परीक्षेच्या दिवशी, कवितापाठाच्या दिवशी, पोहण्याच्या तासाला. मला वाटलं, हिलाही भीती वाटते, बरंच झालं, माणूस आहे. मी हसून म्हटलं, "अगं, उद्या पेपर आहे ना. पेपरच्या आदल्या दिवशी सगळ्यांचंच दुखतं." ती माझ्याकडे बघत राहिली. जिला कधी खोटं बोलायला जमलं नाही, तिला मी असं म्हटलं. ती उठली, पायरीचा कठडा धरून, आणि गेली.

त्या रात्री जेवताना तिच्या आईने विषय काढला. ती शिवणकाम करायची, कमी बोलायची. "डॉक्टरला दाखवू या." गेंड्याने ताट भिंतीवर फेकलं. विषय संपला.

रविवारी अकराच्या सुमाराला एक विचित्र गोष्ट झाली. बुटकीचं दुखणं कमी झालं. एकदम. ती पलंगावर सरळ होऊन बसली आणि म्हणाली, "सुटलं." गेंड्याने तिला उचलून गरकन फिरवलं. मी गॅरेजात घड्याळाला चावी देत होते, तिथं येऊन त्याने माझ्या टेबलावर मूठ आपटली. "बघितलंत बाई? भीती होती! गेली! माझी पोर आहे ती!" माझंही मन हलकं झालं, हे मला लिहिलंच पाहिजे.

लढती दोन वाजता होत्या. नियमाप्रमाणे प्रत्येक खेळाडूला आधी डॉक्टर तपासतात. त्या दिवशी आलेल्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, सरकारी रुग्णालयात अपघात विभागात काम करणाऱ्या, रविवारी चार पैसे आणि बदल म्हणून येणाऱ्या. गॅरेजच्या मागच्या खोलीत त्यांनी एक लांब बाक मांडला होता. बुटकी आत गेली तेव्हा तिचा रंग राखेसारखा होता आणि ओठ कोरडे. पहिली सहा पोरं दोन-दोन मिनिटांत बाहेर आली होती. बुटकी आली नाही. मग आतून हाक आली, "हिच्या घरचं कोण आहे?"

गेंडा गेला. आई गेली. मीही गेले, हातात हातोडी तशीच.

बुटकी बाकावर होती, गुडघे वर घेऊन. डॉक्टरीणबाई तिच्या मनगटावर बोटं ठेवून होत्या. "नाडी एकशे तीस. ताप आहे. हे कधीपासून?"

"तिला काही झालेलं नाही," गेंडा म्हणाला. "सकाळी थांबलं दुखायचं. पोट बघा ना, हात लावून बघा!" त्याने स्वतःच पुढे होऊन बुटकीच्या पोटावर तळवा ठेवला आणि त्याचा चेहरा उजळला. खरोखर उजळला. "लोखंड! बाई, बघा, फळीसारखं! इतकं कडक पोट मी जन्मात कुणाचं घडवलं नाही!"

"हात काढा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अहो पण—"

"हात काढा! हे तिने आवळलेलं नाही. तिला सैल सोडताच येत नाहीये." मग बुटकीकडे वळून, "बाळा, सोडून बघ पोट. ढिलं कर."

बुटकीने प्रयत्न केला. पोट हललं नाही. श्वासाबरोबरही हललं नाही. डॉक्टरीणबाईंनी बोटाने उगाच टिचकी मारल्यासारखं हलकेच ठोकलं आणि बुटकी अशी किंचाळली की बाहेर बडबड थांबली.

"आधी बेंबीपाशी दुखत होतं? मग इथं उजवीकडे उतरलं? मग अचानक बरं वाटलं, आणि आता सगळ्या पोटात?"

बुटकी प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होती.

"अपेंडिक्स फुटलंय. आत्ता ऑपरेशन पाहिजे. गाडी कुणाकडे आहे?"

यापुढचं जे घडलं ते दोन मिनिटांत घडलं. माझ्या गळ्यात स्टॉपवॉच होतं म्हणून सांगत नाही, पण दोन मिनिटंच.

गेंडा दारात उभा राहिला. "ती लढणार. तुम्हाला पलीकडच्यांनी पाठवलंय." डॉक्टरीणबाई उठल्या, त्याने बाकाला लाथ मारली, त्यांची पिशवी उडाली, रक्तदाबाचं यंत्र भिंतीवर फुटलं. गोंगाट ऐकून पलीकडचा कोच आला. "दादा, शुद्धीवर या, माझी व्हॅन उभी आहे बाहेर—" त्याला वाक्य पुरं करता आलं नाही. गेंड्याचा उजवा ठोसा त्याच्या नाकावर बसला, ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला, आणि रक्त माझ्या पांढऱ्या साडीवर उडालं. चार पोरं गेंड्यावर तुटून पडली. एकाचा दात गेला, एकाची फासळी. त्या खोलीत तो खरंच गेंड्यासारखा उभा होता, खांद्यांनी माणसं उडवत, आणि दार अडवलेलंच. मागे बुटकी बाकावरून घसरली आणि आवाज न करता फरशीवर आली.

तिच्या आईने माझ्या हातातून हातोडी घेतली. हिसकावली नाही, घेतली. गेंड्याने मूठ पुन्हा उगारली होती. आईने दोन्ही हातांनी, कपडे धोपटावे तशी, ती त्याच्या उजव्या मनगटावर हाणली. एकदा. मग पुन्हा. दुसऱ्या वेळी हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"सरक," ती म्हणाली. पंचवीस वर्षांच्या संसारात तिने त्याला अरे-तुरे केल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

तो सरकला.

ज्याचं नाक फुटलं होतं त्यानेच व्हॅन चालवली, एका हाताने नाकाला टॉवेल धरून. बुटकी मागे आडवी, डोकं आईच्या मांडीवर, गुडघे पोटाशी. खड्डा आला की ती ओरडायची. मग पूल ओलांडल्यावर ती ओरडेनाशी झाली. ते जास्त वाईट होतं. डॉक्टरीणबाई फोनवर बोलत होत्या: वय वीस, दोन दिवस, फुटलेलं, पोट कडक, थिएटर तयार ठेवा. मधेच वळून त्यांनी विचारलं, "जुलाबाचं काही दिलं होतं?" गेंडा पुढच्या सीटवर मोडका हात मांडीवर घेऊन बसला होता. "हो." "गरम पिशवी?" "हो." "दुखण्यावरची गोळी?" "तीही." त्या म्हणाल्या, "बरं," आणि पुन्हा फोनवर बोलू लागल्या. सरावात पोरांचे खूप ठोसे खाताना मी त्याला पाहिलं होतं. त्या "बरं"इतका जोरात बसलेला एकही नाही.

रुग्णालयात संमतीचा कागद आला. तो सवयीने उजवा हात पुढे करायला गेला. हात उचलेना. सही आईने केली.

सर्जन तरुण होता, डोळ्यांखाली काळं. उभ्याउभ्याच म्हणाला, "मोठ्या आतड्याच्या तोंडाशी बोटाएवढी एक शेपटी असते. तिचं तोंड बंद झालं की ती सुजते. आधी शरीराला नेमकी जागा सांगता येत नाही, म्हणून बेंबीपाशी दुखतं. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की दुखणं उजवीकडे खाली येऊन बसतं, माणूस बोट ठेवून दाखवतो. शनिवारी सकाळी आणली असती तर छोटं ऑपरेशन होतं, दोन दिवसांत घरी. फुटलं की ताण जातो, तासभर बरं वाटतं. तेवढ्यात पू सगळीकडे पसरतो." तो आत गेला.

अडीच तास लागले. उजव्या हाताला प्लास्टर घालून झाल्यावर कॉरिडॉरमध्ये गेंड्याने डाव्या हाताने भिंतीला ठोसा मारला, बोटांची सालं निघाली, पुन्हा मारला. वॉर्डातल्या नर्सने येऊन सांगितलं, "काका, भिंत सरकारी आहे. आणि दुसऱ्या हातालाही प्लास्टर घालायला माणूस नाही आज." तो माझ्या शेजारी बसला.

"बाई, मी एकोणीस वर्षांचा होतो. पहिली मोठी लढत. कोचला म्हणालो, पोटात दुखतंय. काही दुखत नव्हतं. फाटली होती. सगळ्या हॉलसमोर त्यांनी मला लुगडं नेसवलं. दहा वर्षं मला पोटदुख्या म्हणत होते." तो प्लास्टरकडे बघत होता. "मला वाटलं, तीच गोष्ट."

मी त्याला सांगितलं की शनिवारी ती माझ्याही पायरीवर आली होती आणि मी काय म्हणाले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, मारेल. मारायला हवं होतं असंही वाटलं. त्याने नुसती मान हलवली.

बुटकी वाचली. पण सरळ नाही वाचली. पोट धुऊन काढलं, नळी ठेवली. पाचव्या दिवशी पुन्हा थंडी वाजून ताप भरला, आत पुवाचा गोळा साचला होता, तो सुईने काढावा लागला. ती एकोणीस दिवस तिथं होती. नऊ किलो उतरली. सहाव्या दिवशी गेंडा पहिल्यांदा आत गेला, तोवर आईने त्याला दारापलीकडे येऊ दिलं नव्हतं. मी तिचे केस विंचरत होते.

"बाबा," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "मी तीनदा सांगितलं. शुक्रवारी आईला, शनिवारी तुम्हाला, मग बाईंना. आईने एकटीने ऐकलं."

"हो."

"तुम्ही दोरीने मारलंत."

"हो."

"मी आता तुमच्या कोपऱ्यात उभी राहणार नाही."

तो पलंगाच्या लोखंडी दांड्याला धरून उभा होता. मला वाटलं, दांडा वाकेल. "ठीक," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन जिन्यात बसला.

बुटकी दीड वर्षाने पुन्हा रिंगमध्ये उतरली, नदीपलीकडच्या हॉलकडून, त्या मोडक्या नाकाच्या कोचच्या कोपऱ्यातून. निवडीची संधी गेली ती गेलीच. पलीकडच्या कोचने पोलिसात तक्रार केली नाही; म्हणाला, माझ्या चोंदलेल्या नाकातून आता कुठं हवा यायला लागली.

गेंडा बदलला का, असं लोक मला विचारतात. माणसं अशी बदलत नाहीत. पोरांना तो अजून मारतो, पण उघड्या पंजाने. चेंडूची रीत त्याने बंद केली. आणि एक प्रसंग मी स्वतः पाहिला. गोदामातला एक नव्वद किलोचा हमाल संध्याकाळी सरावाला यायचा. एकदा तो बॅग मारता मारता थांबला आणि बेंबीला हात लावून म्हणाला, "जरा कळ आली." बस्स. गेंड्याने त्याला पाठुंगळी टाकलं आणि दोन चौक पळत रुग्णालयात नेलं. तो पाठीवरून ओरडत होता, "दादा, सोड, मी चालतो! अरे लोक बघतायत!" "खोक! खोकून दाखव! खोकताना दुखतं का?" "तू हिसके देतोस म्हणून दुखतंय!" दोन तास तपासलं. गॅस निघाला. दुसऱ्या दिवशी गोदामात सगळ्यांनी गेंड्याला पादऱ्यांचा वैद्य म्हणून चिडवलं. मी समोरच्या दुकानात होते. मला वाटलं, आता एखाद्याचा जबडा जाणार. तो पोती उचलत राहिला. नंतर मला म्हणाला, "हसू दे बाई. गॅस निघाला ना. निघू दे."

त्याचं मनगट वाकडंच जुळलं. त्या हाताने आता ठोसा बसत नाही. बायको त्याच्याच घरात राहते आणि त्याला अरे म्हणते.

बुटकी सध्या पलीकडच्या हॉलमध्ये लहान मुलींचा वर्ग घेते. दर गुरुवारी संध्याकाळी गेंडा तिथं जातो, मुलींच्या हातांना बांधायच्या पट्ट्या धुतो, वाळत घालतो, आणि वाळल्या की एकेक गुंडाळून टोपलीत ठेवतो.